झोपेची डायरी : दोन आठवडे काय लिहायचं आणि नंतर ती वाचायची कशी

प्रश्न : इंदूरला राहते, वय ४७. डॉक्टरांनी दोन आठवडे झोपेची डायरी ठेवायला सांगितलंय. रोज नक्की काय लिहायचं? रात्री घड्याळ बघून बघून लिहायचं का? हातातल्या बँडवर सगळं येतंच, ते नाही का चालणार? आणि खरं सांगायचं तर मला माहितीच आहे की झोप येत नाही, मग यातून नवीन काय कळणार?

उत्तर :

घड्याळाचं आधी सांगते, कारण तिथेच बहुतेकांची डायरी बिघडते. रात्री घड्याळ अजिबात बघायचं नाही. भिंतीवरचं असेल तर काढून ठेवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा निदान हात पोचणार नाही असा ठेवा, अलार्म लावायचा असेल तर लावा पण तोंड भिंतीकडे. डायरी सकाळी उठल्यावर तासाभरात भरायची, अंदाजाने. "साधारण पाऊण तास लागला असेल झोप लागायला" एवढं पुरतं. मिनिटाला मिनिट बरोबर यायला हवं असं कोणी म्हणत नाही, आणि ते बरोबर आणायच्या नादात माणूस रात्रभर जागं राहून स्वतःची पाळत ठेवतो, मग त्या डायरीत झोप दिसतच नाही, पाळत दिसते.

मी इथे इंदूरलाच बरीच वर्षं झोपेच्या तक्रारींवर काम करतेय, निद्रानाशाची थेरपी हाच माझा मुख्य विषय, आणि पहिल्या भेटीत मी गोळीबद्दल बोलायच्या आधी वही मागते. तिचं कारण पुढे एका केसवरून कळेलच.

लिहायचं काय ते बघू. २०१२ साली झोपेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी मिळून एक ठरावीक नमुना केला, त्याला कन्सेन्सस स्लीप डायरी म्हणतात, जगभर साधारण तोच वापरतात. त्यातले प्रश्न अगदी साधे आहेत. अंथरुणात किती वाजता गेलात. झोपायचा प्रयत्न किती वाजता सुरू केला, म्हणजे दिवा बंद करून डोळे मिटले ती वेळ. मग झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मधे किती वेळा जाग आली आणि ती सगळी मिळून किती वेळ, शेवटची जाग किती वाजता, आणि प्रत्यक्ष अंथरुणातून उठलात किती वाजता. शेवटी झोप कशी वाटली त्याला १ ते ५ मधला एक आकडा. झालं. दोन मिनिटांचं काम.

यात दोन जोड्या आहेत आणि लोक नेमक्या त्याच एकत्र करून टाकतात. "अंथरुणात गेले" आणि "झोपायला लागले" हे एक नाही, मधे अर्धा तास मोबाईल असतो, मुलाशी बोलणं असतं, पायाला तेल लावणं असतं. तसंच "जाग आली" आणि "उठले" हेही एक नाही. साडेपाचला डोळे उघडले आणि सातला उठले तर तो मधला दीड तास कुठेतरी लिहिला गेला पाहिजे, कारण माझ्यासाठी सगळ्यात बोलका तोच असतो.

याशिवाय रात्री झोपायच्या आधी दोन ओळी दिवसाच्या. शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता, दिवसा डुलकी किती वाजता आणि किती वेळ, कुठली गोळी घेतली आणि किती वाजता, दारू घेतली असेल तर तीही. डुलकीत सोफ्यावर टीव्हीसमोर मान पडली तीसुद्धा धरायची, ते लोक झोपेत मोजतच नाहीत. तुमचं वय ४७ आहे म्हणून तुम्हाला एक रकाना जास्तीचा सांगते, रात्री एकदम अंग तापून, घाम येऊन जाग आली का, हो किंवा नाही. या वयात पाळी जायच्या सुमाराला ते होतं आणि त्याचा उपाय वेगळा असतो, तो स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. तसंच रात्री बाथरूमला उठत असाल तर आधी काय झालं ते लिहा, लघवीची घाई होऊन जाग आली की जाग आली होतीच म्हणून जाऊन आलात. ही दोन अगदी वेगळी कारणं आहेत. पहिलं वारंवार होत असेल आणि दर वेळी भरपूर होत असेल तर साखर वगैरे तपासायला हवी, दुसरं असेल तर प्रश्न झोपेचाच आहे.

बँडचं विचारलंत. वापरा, पण डायरीच्या जागी नको. बँड मुख्यतः हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतो, आणि ज्या माणसाला झोप येत नाही तो बऱ्याचदा न हलता डोळे मिटून पडून असतो, तो वेळ बँड सरळ झोप म्हणून धरतो. म्हणजे ज्या बिचाऱ्याला मदत हवी त्याच्याच बाबतीत तो जास्त चुकतो. आणि गाढ झोप किती, स्वप्नाची किती हे जे रंगीत पट्टे सकाळी येतात ते बघून दिवसभर काळजी करत बसणारे लोक मी रोज बघते. दोन आठवडे तो स्कोअर सकाळी बघूच नका, नाहीतर तुम्ही डायरीत तुम्हाला काय वाटलं ते न लिहिता बँडने सांगितलेलं लिहाल.

दोनच आठवडे का, तर एका आठवड्यात शनिवार-रविवार एकदाच येतो, त्या वेळी पाहुणे आले किंवा कोणी आजारी पडलं की सगळं चित्र फिरतं. शिवाय निद्रानाशात रात्री एकसारख्या नसतात, दोन वाईट, एक बरी, परत तीन वाईट असं चालतं, आणि वाईट रात्रीनंतर माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो हे बघायचं असतं, त्याला चौदा रात्री लागतात.

आता वाचायचं कसं. गणिताची चौकटीची वही घ्या, आडवी धरा, एक चौकट म्हणजे अर्धा तास. डावीकडून संध्याकाळी ७ पासून सुरू करून उजवीकडे सकाळी ९ पर्यंत, म्हणजे २८ चौकटी होतात. एक रात्र म्हणजे एक ओळ. अंथरुणात गेलात तिथे एक उभी रेघ, उठलात तिथे दुसरी, आणि मधे जितका वेळ झोप होती तितक्या चौकटी पेन्सिलीने काळ्या करा, जागेपणाच्या पांढऱ्या सोडा. मधली जाग नक्की किती वाजता होती ते माहीत नसणार, घड्याळ बघितलं नाहीये ना, मग अंदाजे मध्यावर सोडा, चालतं. संध्याकाळी टीव्हीसमोर मान पडली असेल तर तीही काळी करा. अशा चौदा ओळी एकाखाली एक झाल्या की मग आडवं वाचायचं नाही, वरून खाली वाचायचं. काळ्या पट्ट्याची डावी कड एका सरळ रेषेत येते का, उजवी येते का, आणि दोन उभ्या रेघांच्या आत पांढरं किती आहे. मी सरासरी काढायच्या आधी हे बघते, कारण सरासरीत सगळं गुळगुळीत होऊन जातं.

एक केस सविस्तर सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. रामबागेतले एक काका, साठी नुकतीच झालेली, बँकेतून रिटायर्ड, तक्रार अशी की "दोन-तीन तासांच्या वर झोप नाही, दीड वर्ष झालं." काकू बरोबर आल्या होत्या आणि त्या म्हणत होत्या की घोरण्याचा आवाज तर मी ऐकते हो यांचा. दोघांचंही खरं असू शकतं, वादात पडायचं नाही, वही द्यायची. आणि मी काकूंना सांगितलं की संध्याकाळच्या डुलक्या तुम्ही वेगळ्या पेनने लिहा.

पहिल्या आठवड्यातली मंगळवारची रात्र घ्या. पावणेदहाला अंथरुणात, दहाला दिवा बंद, झोप लागायला सव्वा तास, मधे तीनदा जाग, सगळी मिळून ८० मिनिटं. शेवटची जाग साडेपाचला, उठले साडेसहाला. हिशोब असा करायचा. दहा ते साडेपाच म्हणजे साडेसात तास, ४५० मिनिटं, त्यातून ७५ आणि ८० वजा केले की उरले २९५, म्हणजे पाच तासाला पाच मिनिटं कमी. आणि अंथरुणात एकूण किती होते? पावणेदहा ते साडेसहा, पावणेनऊ तास, ५२५ मिनिटं. २९५ ला ५२५ ने भागून शंभरने गुणलं की ५६ टक्के. याला स्लीप एफिशियन्सी म्हणतात, अंथरुणातल्या वेळापैकी खरी झोप किती. साधारण ८५ टक्के किंवा जास्त असेल तर ठीक मानतात. त्या सकाळी काकांनी स्वतःला ५ पैकी १ दिला होता.

आता त्याच आठवड्यातला शनिवार. पुतण्याचं रिसेप्शन होतं, तिथून पाहुण्यांना सराफा दाखवायला म्हणून सगळे गेले, घरी येईपर्यंत बारा वाजले. सव्वाबाराला अंथरुणात, पडल्या पडल्या दहा मिनिटात झोप, मधे एकदा जाग, दहा मिनिटं. शेवटची जाग साडेपाचलाच. पावणेसहाला उठले, पाहुण्यांसाठी पोहे आणायचे होते. सव्वाबारा ते साडेपाच म्हणजे ३१५ मिनिटं, त्यातून वीस गेली, उरले २९५.

परत तेच २९५. पण अंथरुणात साडेपाच तासच होते, ३३० मिनिटं, म्हणजे एफिशियन्सी ८९ टक्के. आणि त्या सकाळी काकांनी ५ पैकी ४ दिले होते, बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं "आज चांगली लागली, दमलो होतो म्हणून असेल."

मी त्यांच्यासमोर दोन्ही ओळी ठेवल्या आणि काही बोलले नाही. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे झोप तेवढीच आहे, मी उगीच तिच्याभोवती पडून राहतोय." यापेक्षा नीट मलाही सांगता आलं नसतं. उंडा तेवढाच आहे आणि पोळी मोठी लाटायला गेलं की ती पातळ होते, मधे मधे फाटते, तसं त्यांच्या रात्रीचं झालं होतं, पाच-सव्वापाच तासांची झोप पावणेनऊ तासांवर पसरलेली.

चौदा ओळी खाली खाली बघितल्यावर आणखी तीन गोष्टी दिसल्या. काळ्या पट्ट्याची उजवी कड जवळजवळ रेघ मारल्यासारखी साडेपाचला होती, झोपायला नऊला गेले काय किंवा बाराला गेले काय. म्हणजे शरीराचं घड्याळ अगदी पक्कं होतं, तिथे काही बिघाड नव्हता. डावी कडही बघा, दिवा दहाला बंद केला तर झोप सव्वाअकराला, साडेनऊला बंद केला तर सव्वाअकरा-साडेअकराला. लवकर अंथरुणात जाऊन झोप लवकर येत नव्हती, नुसतं पडून राहणं वाढत होतं.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक वाईट रात्रीच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणात जायची उभी रेघ डावीकडे सरकलेली होती, आणि दुपारी जेवणानंतर तास-सव्वा तास झोप. भरपाई म्हणून. माणसाला हे अगदी बरोबर वाटतं, काल झोप झाली नाही तर आज लवकर पडावं, पण झोपेचा दाब जागेपणातून तयार होतो, जितके तास सलग जागे तितका तो साठतो, आणि दुपारी त्यातला अर्धा खर्च करून रात्री नऊलाच अंथरुणात गेलं की झोप यायला काही शिल्लकच नसतं. मग पडून विचार, विचारातून चीड, आणि महिनोन् महिने असं झालं की अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा हे मेंदूला पाठ होतं. सोफ्यावर झोप येते आणि अंथरुणात गेल्यावर उडते असं लोक सांगतात ते यामुळेच.

तिसरी गोष्ट काकूंच्या हिरव्या पेनातून निघाली. चौदापैकी नऊ संध्याकाळी आठच्या सुमारास बातम्या लावल्या की काका वीस-पंचवीस मिनिटं डोळे मिटून बसायचे. त्यांच्या मते ते ऐकत होते. पण त्या नऊ रात्री झोप लागायला तासाच्या वर वेळ, आणि ज्या पाच संध्याकाळी डुलकी नव्हती तेव्हा साधारण निम्मा. एवढ्या थोड्या रात्रींवरून छातीठोक काही म्हणता येत नाही, पण संध्याकाळची डुलकी बंद करून बघायला पैसा लागत नाही, म्हणून ती बंद केली.

दोन आठवड्यांची सरासरी आली ती अशी, अंथरुणात साडेआठ तास, झोप ५ तास २० मिनिटं, म्हणजे ६३ टक्के. आणि जाता जाता, "दोन-तीन तास" ही तक्रार कुठून आली तेही दिसलं. तशा रात्री चौदापैकी दोनच होत्या, पण आठवणीत त्याच राहिल्या होत्या. तुम्ही म्हणालात ना की मला माहितीच आहे झोप येत नाही, तर झोप येत नाही हे खरंच असतं, पण कुठल्या रात्री, कशानंतर आणि किती, हे आठवणीतून येत नाही. त्यातून निद्रानाश असलेले लोक झोप लागायला लागलेला वेळ जास्त धरतात आणि झोप कमी धरतात, हे प्रयोगशाळेतल्या तपासण्यांतून कळलेलं आहे. म्हणून डायरीतला आकडा हा तुमच्या अनुभवाचा आकडा आहे असं समजायचं. त्याच माणसाच्या त्याच हाताने भरलेल्या चौदा रात्री एकमेकींशी ताडून बघायला तो उत्तम चालतो, शेजारणीच्या आकड्याशी ताडायला नाही.

मग उपाय काय केला ते थोडक्यात. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली जी पद्धत मांडली तिला स्लीप रिस्ट्रिक्शन म्हणतात, निद्रानाशाच्या थेरपीत आजही ती वापरतात. अंथरुणातला वेळ जवळजवळ झोपेएवढाच करायचा. काकांची झोप ५ तास २० मिनिटं, त्यात अर्धा-पाऊण तास सूट, म्हणजे सहा तास. उठायची वेळ पावणेसहा ठरवली कारण शरीर तसंही साडेपाचला जागं होत होतं, आणि तिथून मागे मोजून अंथरुणात जायची वेळ पावणेबारा. आधी नाही. झोप आली तरी पावणेबाराच्या आधी नाही, दुपारी झोप नाही, आणि रात्री झोप लागत नाही असं वाटलं तर, घड्याळ न बघता, उठून बाहेरच्या खोलीत बसायचं आणि डोळे जड झाले की परत जायचं. आठवडाभराची एफिशियन्सी ८५ च्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ असेल तर आहे तसंच, त्याखाली असेल तर पंधरा मिनिटं कमी, पण साडेपाच तासांच्या खाली मी कोणालाही नेत नाही.

पहिला आठवडा त्यांना फार जड गेला, तो सगळ्यांनाच जातो. दिवसा झापड येते, चिडचिड होते, म्हणून त्या दिवसांत स्कूटर चालवायची नाही असं मी आधीच कबूल करून घेतलं होतं. दहा ते पावणेबारा काय करायचं हा त्यांचा मोठा प्रश्न होता, मग काकूंबरोबर कॅरम सुरू झाला. तिसऱ्या आठवड्याच्या डायरीत मधल्या पांढऱ्या चौकटी जवळजवळ भरल्या होत्या, आणि पुढे पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत आम्ही पावणेसात तासांवर थांबलो, कारण त्यानंतर वाढवलं की परत मधे पांढरं दिसायला लागलं. म्हणजे त्यांची गरज तेवढीच होती. आठ तास झोप झालीच पाहिजे हे कुठेतरी वाचून ते आठ तास गाठायच्या मागे होते, हेही त्यात निघालं.

हे वाचून स्वतःच्या स्वतः सुरू करू नका मात्र. ज्यांना फिट्सचा त्रास आहे, बायपोलरचं निदान आहे, झोपेत चालतात, किंवा ज्यांचं काम ट्रक-बस चालवण्याचं, मशीनवरचं आहे, त्यांची झोप अशी कापणं धोक्याचं असतं. आणि झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम बंद करायच्या नाहीत, डायरीत फक्त लिहायच्या.

काकांच्या घोरण्याचं राहिलं. श्वास मधेच थांबतो का, गुदमरून उठतात का, सकाळी डोकं दुखतं का, हे सगळं काकूंना नीट विचारलं, तसं काही नव्हतं. पण इथे डायरीची मर्यादा सांगायलाच हवी. समजा तुमच्या चौदा ओळी छान आल्या, काळा पट्टा सलग, सात-साडेसात तास, एफिशियन्सी नव्वदच्या पुढे, आणि तरी दिवसा ऑफिसात डोळे मिटतात, सकाळी उठल्यावर ताजं वाटत नाही, आणि घरचे म्हणतात घोरता. तर झोप पुरेशी आहे पण आतून तुटतेय असा संशय घ्यायचा. स्लीप ॲपनियात, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबतो त्या आजारात, माणसाला रात्रीत कितीतरी वेळा क्षणभर जाग येते आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही, मग तो लिहिणार काय. अशा वेळी स्वच्छ डायरी हाच पुरावा असतो, ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि रात्रभराच्या स्लीप स्टडीबद्दल विचारा. तसंच संध्याकाळ झाली की पायात काहीतरी वळवळतं, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं असेल तर तेही समासात लिहा, त्याची तपासणी निराळी असते, रक्तातलं लोह बघतात.

आणखी एक चित्र इथे फार दिसतं, तरुण मुलांचं. भंवरकुआंकडे कोचिंगला आलेली मुलं, किंवा घरून आयटीचं काम करणारी. सोमवार ते शुक्रवार दीडला झोप आणि सातला अलार्म, शनिवार-रविवार तीन ते अकरा. वहीत बघितलं की उजवी कड पाच रात्री एकीकडे आणि दोन रात्री चार तास उजवीकडे उडी मारलेली. रविवारी रात्री झोपायला सगळ्यात जास्त वेळ आणि सोमवार वाईट, दोन्ही आठवड्यांत तसंच. यांची झोप मोडकी नाहीये, झोप लागली की पट्टा सलग काळा असतो, फक्त घड्याळ उशिरावर सरकलंय. यांना अंथरुणातला वेळ कापून काही होत नाही, उठायची वेळ सातही दिवस तासाभराच्या आत आणायची आणि उठल्यावर लगेच गच्चीवर किंवा रस्त्यावर उजेडात जायचं, कारण सकाळच्या उजेडाने घड्याळ मागे येतं. तक्रार मात्र दोघांची एकच, काकांचीही आणि या मुलांचीही, "झोप लागत नाही." वही नसती तर मी दोघांना एकच सल्ला दिला असता.

चहाबद्दल कोणी ना कोणी विचारतंच. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक बराच फरक पडतो. संध्याकाळी सहाला चहा घेतला तर अकराला त्यातलं निम्मं अंगात असू शकतं. पण तुमच्या घरी कोणी दहाला चहा पिऊन घोरत असेल म्हणून तुम्हालाही चालतो असं नाही, तुमच्या वहीत शेवटच्या चहाची वेळ आणि झोप लागायला लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहून बघा. संबंध दिसला तर पुढचे दोन आठवडे चारनंतर बंद. नाही दिसला तर चहाला सोडून द्या, उगीच प्रत्येक गोष्ट बंद करत सुटू नका.

डायरी बिघडली आहे हे कसं कळतं? माझ्याकडे आलेल्या वहीत रोज "११ ला झोप, १ तास लागला, २ वेळा जाग" असं एकाच शाईत, एकाच अक्षरात ओळीने आलं की समजायचं येताना रिक्षात भरलीय. असं करू नका. एखादी सकाळ राहिली तर ती ओळ कोरी ठेवा, दुसऱ्या दिवशी आठवून भरू नका, चौदापैकी दहा-बारा खऱ्या ओळी मिळाल्या तरी काम होतं. मधेच ताप आला, प्रवास झाला, घरात कोणी गेलं, तर ते बाजूला लिहा आणि तेवढे दिवस पुढे वाढवा. आणि काही लोकांना, फार थोड्यांना, लिहिण्यानेच काळजी वाढते, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रात्र जवळ आली की वहीची धास्ती वाटायला लागते. तसं झालं तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा, तेही त्यांच्या उपयोगाचं आहे.

तुम्ही उद्यापासून सुरू करणार असाल तर, झोपताना घड्याळ आणि मोबाईल दूर ठेवणं सोडून, या दोन आठवड्यांत सवयी बदलू नका. लवकर झोपून बघू, संध्याकाळपासूनच मोबाईल बंद करून बघू असले प्रयोग आत्ता नकोत, रोज जसं जगता तसंच जगा. डॉक्टरांकडे जाताना चौकटीची वही, मूळ आकड्यांचं पान आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, बीपी आणि थायरॉइडची पण. आणि तुमच्या चौदा ओळींपैकी सगळ्यात चांगल्या दोन रात्रींवर खूण करून त्यांच्या आदल्या दिवशी काय वेगळं झालं होतं ते दोन शब्दांत लिहून ठेवा, वाईट रात्रींबद्दल ते विचारतीलच, चांगल्यांबद्दल तुम्हालाच सांगावं लागेल.